बिल चुकीच्या पार्टीच्या नावाने गेलं: कॅन्सल करून नवीन काढायचं की क्रेडिट नोट द्यायची?

प्रश्न: सर, आम्ही कोल्हापूरचे, ई-इनव्हॉइस लागू आहे. २४ नोव्हेंबर २०२५ ला माल सावंतवाडीच्या पार्टीला गेला पण बिल मात्र जवळपास त्याच नावाच्या म्हापशाच्या पार्टीच्या लेजरला पडलं. दीड लाखाचा माल, १८ टक्के जीएसटी. आज ३ डिसेंबर, जीएसटीआर-१ अजून भरलेला नाही. मालक म्हणतात जुनं बिल कॅन्सल कर आणि त्याच नंबरने नवीन काढ. सीएंच्या ऑफिसमधला मुलगा म्हणतो क्रेडिट नोट द्या. नक्की काय करू?

उत्तर:

सीएंच्या ऑफिसमधला मुलगा बरोबर सांगतोय. म्हापशाच्या पार्टीच्या नावाने क्रेडिट नोट आणि सावंतवाडीच्या पार्टीच्या नावाने नवीन नंबरचं, आजच्या तारखेचं बिल. मालकांचं म्हणणं २४ तारखेच्या रात्री ऐकता आलं असतं, आणि तेव्हाही "त्याच नंबरने" हा भाग जमलाच नसता.

आयआरएन एकदा निघाला की पोर्टलवर तो फक्त २४ तासांच्या आत रद्द करता येतो, त्यानंतर बटणच चालत नाही. त्या २४ तासांतही आख्खं बिल रद्द होतं, त्यातलं नुसतं नाव किंवा एखादी ओळ बदलायची सोय नाही. आणि त्या आयआरएनवर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं मग आयआरएन, तेही ई-वे बिल रस्त्यात कुठे तपासलं गेलं नसेल तरच, कारण एकदा चेकिंगला व्हेरिफाय झालेलं ई-वे बिल कॅन्सल होत नाही. नंबरचं म्हणाल तर आयआरएन बनतो तोच मुळी तुमचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, डॉक्युमेंटचा प्रकार आणि बिल नंबर यांच्यावरून, त्यामुळे रद्द केलेल्या बिलाचा नंबर परत टाकला तर सिस्टिम डुप्लिकेट म्हणून परत पाठवते. थोडक्यात वेळेत कॅन्सल केलं असतं तरी पुढचा नंबरच घ्यावा लागला असता आणि जुना नंबर जीएसटीआर-१ च्या टेबल १३ मध्ये "कॅन्सल" म्हणून मोजावा लागला असता. हे टेबल बरेच जण रिकामं सोडून द्यायचे, पण मे २०२५ पासून ते भरणं सक्तीचं झालंय.

आता तुमच्या मालकांना कोणीतरी अजून एक आयडिया देणार याची मला खात्री आहे, म्हणून आधीच सांगतो. जीएसटीआर-१ भरलेला नाही ना, मग ई-इनव्हॉइसवरून आपोआप आलेली म्हापशाची एंट्री ड्राफ्टमधून डिलीट करा आणि नवीन बिल टाका, विषय संपला. पोर्टल हे करू देतं आणि २४ तासांनंतर रद्द करायचं असेल तर रिटर्नमध्ये करा असंच सांगितलं जातं. पण तुमच्या केसमध्ये मी ते करणार नाही. आयआरपीवर तुमचा आयआरएन म्हापशाच्या नावाने जिवंतच राहतो, उद्या डिपार्टमेंटने ई-इनव्हॉइस आणि जीएसटीआर-१ ची जुळवणी केली तर १,७७,००० चा फरक दिसणार आणि तेव्हा दाखवायला तुमच्याकडे क्रेडिट नोटसारखा एकही कागद नसणार. माल गेलाच नाही, ऑर्डरच रद्द झाली, अशा वेळी ड्राफ्टमधून काढणं मी समजू शकतो, इथे माल गेलाय, उतरलाय आणि बहुतेक अर्धा विकलासुद्धा गेला असेल.

आता मूळ मुद्दा, जो या दोघांच्या वादात हरवलाय. "नाव चुकलं" असं आपण म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळ्या चुका असतात. एक, नुसतं नाव चुकलंय पण जीएसटीआयएन बरोबर आहे. दुसरी, लेजरच चुकीचं निवडलंय, त्यामुळे नाव, पत्ता, जीएसटीआयएन सगळंच दुसऱ्याचं आहे. पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा कॅन्सलही नको आणि क्रेडिट नोटही नको. जीएसटीआर-१ मध्ये बिल ओळखलं जातं ते जीएसटीआयएनने, पार्टीचं नाव पोर्टल स्वतःच्या रेकॉर्डवरून दाखवतं. ई-इनव्हॉइसच्या क्यूआर कोडमध्येसुद्धा दोघांचे जीएसटीआयएन, बिल नंबर, तारीख, रक्कम, मुख्य एचएसएन, आयटमची संख्या, आयआरएन आणि त्याची तारीख एवढंच असतं, गिऱ्हाइकाचं नाव त्यात नसतंच. म्हणून "ट्रेडर्स" च्या जागी "ट्रेडिंग" झालं, प्रोप्रायटरच्या नावाऐवजी दुकानाचं नाव पडलं, तर लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र द्यायचं की अमुक बिलात नाव असं वाचावं, जीएसटीआयएन आणि बाकी तपशील बरोबर आहेत, आणि लेजर मास्टरमध्ये नाव दुरुस्त करायचं. गिऱ्हाईक सरकारी खातं असेल किंवा बँकेच्या लोनवर मशिनरी घेत असेल तर ते अक्षरन्‌अक्षर जुळणारं बिलच मागतात, तिथे वाद घालत बसू नका, क्रेडिट नोट आणि नवीन बिल देऊन टाका.

तुमची केस दुसऱ्या प्रकारातली आहे आणि त्यातही जरा तिखट, कारण पार्टी बदलली तसं राज्यही बदललं. म्हापसा म्हणजे गोवा, स्टेट कोड ३०. सावंतवाडी महाराष्ट्र, कोड २७. म्हणजे बिलात आयजीएसटी २७,००० लागलाय आणि खरं तर सीजीएसटी १३,५०० अधिक एसजीएसटी १३,५०० लागायला हवा होता. एकूण आकडा तोच, १,७७,०००, म्हणून टॅलीत बघताना कोणाच्या लक्षात येत नाही, पण टॅक्स वेगळ्या खिशात गेलाय.

क्रेडिट नोटबद्दल एक शंका काही जण काढतात आणि ती अगदीच चुकीची नाही. कलम ३४ मध्ये क्रेडिट नोटची कारणं दिलीत ती अशी: बिलात लावलेली किंमत किंवा टॅक्स खऱ्यापेक्षा जास्त आहे, माल परत आला, किंवा माल अथवा सेवेत कमतरता निघाली. "नाव चुकलं" असं कारण तिथे शब्दशः नाही. पण विचार करा, म्हापशाच्या पार्टीला तुम्ही प्रत्यक्षात काय विकलं? काहीच नाही. म्हणजे त्यांच्या बाबतीत खरी किंमत शून्य आणि बिलात दीड लाख, जास्तीची किंमत लागली हे कारण इथे बसतं आणि व्यवहारात सगळे असंच करतात. फक्त क्रेडिट नोटवर कारण "माल परत" असं टाकू नका, कारण माल परत आलेलाच नाही आणि मग स्टॉकमध्येही खोटी एंट्री करावी लागते. कारण साफ लिहा: बिल चुकून आपल्या नावे काढले गेले, आपणास कोणताही पुरवठा झालेला नाही. आणि हो, "रिव्हाइज्ड इनव्हॉइस" असा शिक्का मारून सुधारित बिल देणं हा प्रकार काही ऑफिसात चालतो तो करू नका, जीएसटीत रिव्हाइज्ड इनव्हॉइस आहे पण ते नवीन रजिस्ट्रेशन मिळालेल्या माणसाने आधीच्या दिवसांच्या बिलांसाठी काढायचं असतं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

मग आता काय क्रमाने करायचं ते.

सगळ्यात आधी फोन. म्हापशाच्या पार्टीच्या अकाउंटंटला आजच फोन करून सांगा की तुमच्या आयएमएसमध्ये, म्हणजे पोर्टलवर खरेदीची बिलं स्वीकारायच्या-नाकारायच्या पानावर, आमचं एक बिल येणार आहे ते तुमचं नाही, आणि लगेच मेलही टाका म्हणजे पुरावा राहील. हा फोन मी पहिला का सांगतोय ते पुढे येईलच.

मग क्रेडिट नोट. तारीख आजची, पार्टी म्हापसा, मूळ बिलाचा नंबर आणि २४ नोव्हेंबर ही तारीख संदर्भाला, किंमत १,५०,०००, आयजीएसटी २७,०००, प्लेस ऑफ सप्लाय गोवाच. इथे एक हमखास चूक होते, अकाउंटंट म्हणतो खरं तर सीजीएसटी-एसजीएसटी होता म्हणून क्रेडिट नोटमध्ये तेच लावतो. नाही. क्रेडिट नोट चुकीच्या बिलाचा आरसा असते, बिलात जे जसं चुकलं तसंच उलटं यायला पाहिजे. तुम्हाला ई-इनव्हॉइस लागू असल्यामुळे क्रेडिट नोटलाही आयआरएन लागतो, तिलाही तेच २४ तास, म्हणून अपलोड करण्याआधी दोनदा बघा. ही नोट डिसेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये टेबल ९बी मध्ये जाईल.

त्यानंतर नवीन बिल. सावंतवाडीच्या नावाने, सिरीजमधला पुढचा नंबर, तारीख आजची, सीजीएसटी १३,५०० आणि एसजीएसटी १३,५००. शेऱ्यात लिहा की माल २४ नोव्हेंबर रोजी अमुक ई-वे बिलाने रवाना, पूर्वीचे बिल नंबर अमुक, त्याची क्रेडिट नोट नंबर अमुक. मालक म्हणतील तारीख २४ नोव्हेंबरची टाक. कायद्याप्रमाणे बिल माल निघतानाच काढायला हवं हे खरंय, पण ते काढलं होतं आणि चुकलं होतं, ही गोष्ट कागदावर सरळ दिसू दे. मागची तारीख टाकली तरी आयआरएनच्या ॲकनॉलेजमेंटवर ३ डिसेंबरच छापलं जाणार आणि नंबर डिसेंबरचा, तारीख नोव्हेंबरची अशी सिरीज वाकडी दिसणार. त्यातून मिळत काहीच नाही. ई-वे बिल मात्र परत काढू नका. माल पोचलाय, गाडी कधीच खाली झालीय, आता नवीन ई-वे बिल काढणं म्हणजे न झालेली ट्रिप दाखवणं. जुनं जसं आहे तसं फाइलला लावा आणि सावंतवाडीच्या पार्टीकडून माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पोच घ्या, ट्रान्सपोर्टवाल्याची बिल्टी असेल तर तीही, कारण ई-वे बिलावर गोव्याचा पत्ता आहे आणि माल सावंतवाडीत उतरला हे सिद्ध करणारे कागद हेच.

टॅलीत २४ तारखेचं व्हाउचर `Alt+D` ने उडवू नका आणि `Alt+X` ने कॅन्सलही करू नका. ते बिल रेकॉर्डवर राहणार आहे, त्याच्यासमोर क्रेडिट नोट येऊन म्हापशाचं खातं शून्य होणार आहे. `Alt+X` चा उपयोग २४ तासांत आयआरएन रद्द झाला असता तर, कारण त्यात नंबर तसाच राहतो आणि रक्कम जाते. `Alt+D` ने व्हाउचर गायब होतं आणि नंबरिंगचं सेटिंग तसं असेल तर पुढचे नंबर सरकतात, म्हणजे छापून दिलेली बिलं आणि वही यांचा ताळमेळ गेला. तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर एप्रिल २०२३ पासून एडिट लॉगवालं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे, उडवलेलं व्हाउचर तिथे दिसतंच.

आता टॅक्सचं चित्र. नोव्हेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे ११ डिसेंबरपर्यंत जो भराल त्यात, म्हापशाचं बिल जसंच्या तसं जाऊ दे, आणि ३बी मध्ये आयजीएसटी २७,००० भरा. डिसेंबरच्या रिटर्नमध्ये आयजीएसटीतून २७,००० वजा होतील आणि सीजीएसटी-एसजीएसटीचे साडेतेरा-साडेतेरा हजार वाढतील. तुमची गोव्यात किंवा कर्नाटकात नेहमीची विक्री असेल तर वजाबाकी त्याच महिन्यात जिरून जाईल. आंतरराज्य विक्री फारशी नसेल तर आयजीएसटी मायनसमध्ये जाऊन पुढच्या महिन्यात ओढला जाईल आणि सीजीएसटी-एसजीएसटी मात्र आत्ताच द्यावा लागेल, म्हणजे महिना-दोन महिने पैसे अडकतील. मालकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर २० जानेवारीला चलन बघून तुमच्यावरच ओरडतील. व्याजाची भीती घालणारे भेटतील, की सीजीएसटी नोव्हेंबरचा होता आणि तुम्ही डिसेंबरमध्ये भरला. जो व्यवहार आंतरराज्य समजून आयजीएसटी भरला आणि नंतर राज्यांतर्गत ठरला त्याच्या सीजीएसटी-एसजीएसटीवर व्याज द्यावं लागत नाही असं कलम ७७ मध्ये आहे, तो आधार जवळ ठेवा.

आता त्या फोनचं. पूर्वी क्रेडिट नोट टाकली की आपली जबाबदारी कमी झाली, समोरच्याने काय केलं ते त्याचं त्याने बघायचं असं चालायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयएमएस आलं आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून कलम ३४ ची दुरुस्तीही लागू झाली, आता समोरच्या पार्टीने त्या बिलाचं आयटीसी घेतलेलं असेल आणि ते उलटवलं नसेल तर तुम्हाला क्रेडिट नोटचा टॅक्स कमी करता येत नाही. म्हणजे तुमचे २७,००० म्हापशाच्या अकाउंटंटच्या हातात आहेत, ज्याने तुमच्याकडून यावेळी काही घेतलंच नाही आणि ज्याला तुमच्या भानगडीशी काही देणंघेणं नाही.

होतं काय बघा. नोव्हेंबरचं बिल त्यांच्या आयएमएसमध्ये जाईल. त्यांनी काहीच केलं नाही तर ते आपोआप स्वीकारलं गेलं असं धरतात आणि १४ तारखेच्या २बी मध्ये २७,००० आयटीसी दिसतं. घाईत असलेला माणूस ते घेऊनही टाकतो. जानेवारीत तुमची क्रेडिट नोट दिसते, तो म्हणतो ही कुठली, आपला तर काही व्यवहार नाही, आणि दाबतो रिजेक्ट. प्रामाणिकपणे दाबतो. आणि त्याच्या रिजेक्टमुळे तेवढा टॅक्स तुमच्या पुढच्या ३बी मध्ये परत वाढून येतो. एकाच मालावर तुम्ही दोनदा टॅक्स भरून बसता, एकदा आयजीएसटी, एकदा सीजीएसटी-एसजीएसटी, आणि मग त्या माणसाच्या मागे फोन करत फिरायचं. पोर्टलवर हे ओळखायची खूण म्हणजे ३बी मध्ये विक्रीच्या हिशोबापेक्षा जास्त आलेली देणी रक्कम, तसं दिसलं की आयएमएसमधल्या सप्लायरच्या बाजूच्या व्ह्यूमध्ये कोणती क्रेडिट नोट रिजेक्ट झालीय ते बघा.

म्हणून त्यांना आत्ताच सांगायचं: नोव्हेंबरचं बिल रिजेक्ट करा किंवा निदान आयटीसी घेऊ नका, आणि डिसेंबरची क्रेडिट नोट मात्र स्वीकारा, रिजेक्ट करू नका. त्यांचा साहजिक प्रश्न असेल की आम्ही आयटीसी घेतलंच नाही तर क्रेडिट नोट स्वीकारून आमचं २७,००० का कमी होऊ द्यायचं? ऑक्टोबर २०२५ पासून क्रेडिट नोट स्वीकारताना प्रत्यक्ष किती आयटीसी उलटवायचं आहे ते लिहायची सोय आलीय, घेतलंच नसेल तर उलटवायची रक्कम शून्य लिहिता येते. हे त्यांना माहीत असेलच असं नाही, मेलमध्ये लिहून पाठवा. आणि उत्तरादाखल एक ओळ मागा की सदर बिलाचे आयटीसी आम्ही घेतलेले नाही. ही ओळ उद्या असेसमेंटला तुमच्या कामी येईल.

सावंतवाडीवाल्यालाही कळवून ठेवा की त्याचं आयटीसी नोव्हेंबरच्या नाही तर डिसेंबरच्या २बी मध्ये येईल. उधारीचे दिवस कधीपासून मोजायचे हेही तेव्हाच ठरवून घ्या, नाहीतर तो नवीन बिलाच्या तारखेपासून मोजेल आणि तुमचे नऊ दिवस गेले.

तुम्हाला कोणी टेबल ९ए ची दुरुस्तीही सुचवेल, म्हणजे नोव्हेंबरचा जीएसटीआर-१ भरायचा आणि पुढच्या महिन्यात त्यातला पार्टीचा जीएसटीआयएन बदलायचा. ती चांगली सोय आहे पण वेगळ्या दुखण्यासाठी. कागदावरचं बिल बरोबर आहे आणि फक्त रिटर्नमध्ये टाइप करताना दुसऱ्याचा जीएसटीआयएन पडला, तर ९ए. तिथे क्रेडिट नोट काढणं उलट चूक, कारण बिलात काही चुकलेलंच नाही. जीएसटीआर-१ए मधून हे होत नाही हे लक्षात ठेवा, त्याच महिन्याच्या बाकी दुरुस्त्या तिथे होतात पण घेणाऱ्याचा जीएसटीआयएन बदलता येत नाही, पुढच्या जीएसटीआर-१ पर्यंत थांबावंच लागतं. तुमच्याकडे कागद, आयआरएन, क्यूआर कोड सगळंच म्हापशाच्या नावाने आहे, नुसतं रिटर्न बदललं तर सावंतवाडीवाल्याच्या हातात त्याच्या नावाचं बिलच नसेल आणि बिलाशिवाय त्याचं आयटीसी टिकत नाही.

क्रेडिट नोट असो की ९ए, मुदत दोन्हीला सारखी, आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, जे आधी येईल ते. तुमच्या बिलासाठी ३० नोव्हेंबर २०२६. ती उलटून गेलेल्यांनी काय करायचं तर कोर्ट. बॉम्बे हायकोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये स्टार इंजिनिअर्सच्या केसमध्ये मुदतीनंतरही जीएसटीआर-१ दुरुस्त करू दिला होता, तिथे माल ज्या तिसऱ्या पार्टीकडे उतरवला तिचा जीएसटीआयएन खऱ्या खरेदीदाराच्या जागी पडला होता आणि सरकारचा महसूल काही बुडाला नव्हता. मार्च २०२५ मध्ये ॲबरडेअर टेक्नॉलॉजीजच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही अशा मानवी चुका दुरुस्त करू द्यायच्या बाजूनेच मत दिलं. पण सत्तावीस हजारांसाठी हायकोर्टाच्या वकिलाची फी कोणी भरत नाही, तेव्हा आजच्या आज क्रेडिट नोट टाका.

आणि लेजर मास्टरमध्ये दोन्ही पार्टींच्या नावापुढे गाव लावून टाका, "सावंतवाडी" आणि "म्हापसा". नावाचा पहिला भाग टाइप करून एंटर मारायची सवय कोणाचीच सुटत नाही, निदान स्क्रीनवर गाव तरी दिसेल.